आई-बाबांच्या अंथरुणातून स्वतःच्या अंथरुणात: आधी काय बदलावे, नंतर काय

प्रश्न: आमचा मुलगा २ वर्षे ७ महिन्यांचा आहे आणि जन्मापासून आमच्या दोघांच्या मध्ये झोपतो. अंगावरचे दूध दोन वर्षांचा असताना सुटले, पण आता माझे केस बोटांत धरल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. दुपारी तो ३ ते ५.३० झोपतो. रात्री आम्ही ९.३० ला दिवा घालवतो, तरी झोप लागायला पावणेअकरा होतात. सकाळी पावणेआठला उठतो. त्याच्यासाठी छोटा पलंग आणला आहे. दिवसा त्यावर खेळतो, पण रात्री चढत नाही. झोपल्यावर उचलून तिथे ठेवले, तर एक-दीडच्या सुमारास घाबरून रडत उठतो. पाच महिन्यांनी दुसरे बाळ येणार आहे. घरात एकच बेडरूम आहे, सासूबाई हॉलमध्ये झोपतात आणि त्यांचे म्हणणे आहे की एवढ्याशा मुलाला वेगळे करू नये. न रडवता त्याला वेगळे झोपवण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर:

सासूबाईंच्या म्हणण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे. अडीच वर्षांचे निरोगी मूल आई-वडिलांजवळ झोपल्याने त्याच्या वाढीचे किंवा स्वभावाचे नुकसान होत नाही, आणि केवळ वय झाले म्हणून त्याला वेगळे केलेच पाहिजे असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. तुमच्या घरी मात्र एक खरे कारण आहे. नवजात बाळ आणि झोपेत हातपाय टाकणारे मोठे मूल एकाच अंथरुणावर असणे बाळासाठी सुरक्षित नसते. बाळाला आई-वडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या स्वतंत्र, सपाट आणि टणक गादीवर झोपवावे, आणि मोठ्या भावाची जागा त्यापासून दूर असावी. म्हणजे मुलाला खोलीबाहेर काढायचे नसून त्याच खोलीत त्याला स्वतःचे अंथरूण द्यायचे आहे. ही मर्यादा सासूबाईंना स्पष्ट सांगितली, तर त्यांचा बराचसा विरोध आपोआप मावळेल असे मला वाटते.

आता उचलून ठेवलेले मूल रडत का उठते ते पाहू, कारण पुढची सगळी योजना त्यावर उभी आहे. या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तासाभराचे किंवा थोडे अधिक असते आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर प्रत्येक मूल क्षणभर अर्धवट जागे होते. झोप लागताना आजूबाजूला जे होते तेच तेव्हाही असेल, तर ते कूस बदलून पुन्हा झोपते आणि सकाळी कोणाला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या मुलाला झोप लागते तेव्हा बोटांत केस असतात आणि दोन्ही बाजूंना ऊबदार शरीरे असतात. रात्रीचा पहिला तिसरा हिस्सा गाढ झोपेचा असल्याने उचलताना त्याला कळत नाही, पण ती गाढ झोप सरली की एक-दीडला तो अर्धवट जागा होतो आणि हाताला केसांऐवजी पलंगाचा कठडा लागतो. आपण स्वतःच्या खोलीत झोपलो आणि जाग आली तेव्हा जिन्यात असलो, तर आपणही ओरडूच. शिवाय हे वारंवार झाले की मूल झोप लागू न देण्याचा प्रयत्न करू लागते, कारण डोळे मिटले की जागा बदलते हे त्याने ताडलेले असते. म्हणून झोपल्यावर उचलून ठेवणे आजपासून पूर्ण थांबवा.

यावरून कामाचा क्रम ठरतो. बहुतेक घरांत जागा आधी बदलली जाते आणि झोप लागण्याची पद्धत तशीच राहते. तुम्ही उलट करा. सध्याच्या, ओळखीच्या अंथरुणातच झोप लागण्याची पद्धत आधी बदला. मग रात्रीची सुरुवात नव्या अंथरुणात करा, त्यानंतर तुमचे अंतर हळूहळू वाढवा आणि पहाटेचा भाग सर्वांत शेवटी हाती घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली, की मुलाला जुन्यापैकी काहीतरी धरून ठेवता येते, आणि रडणे त्यामुळेच कमी राहते. अजिबात रडणार नाही असे आश्वासन मी देत नाही. एकट्याने, बंद दाराआड रडणार नाही, एवढे मात्र या पद्धतीत नक्की पाळता येते.

त्याआधी वेळेचा हिशेब करणे आवश्यक आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप लागते. तुमचा मुलगा रात्री नऊ तास आणि दुपारी अडीच तास, म्हणजे एकूण साडेअकरा तास झोपतो. त्याची झोप अपुरी नाही, ती फक्त उशिरा सरकलेली आहे. साडेपाचला उठलेल्या मुलाला साडेनऊला झोप येणे कठीणच असते. त्यात नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचा तास-दीड तास शरीर सर्वांत जास्त तरतरीत असते, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याला अंधारात पडून राहायला सांगत आहात. रोज सव्वा तास अंथरुणात ओढाताण झाली, तर अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हे त्याच्या डोक्यात पक्के बसते.

म्हणून पहिले चार-पाच दिवस अंथरुणाला हात न लावता फक्त वेळा बदला. सकाळी त्याला सातला उठवा, रात्री कितीही उशीर झाला असला तरी. दुपारची झोप दररोज थोडी अलीकडे आणत साधारण १ ते ३ या वेळेत बसवा आणि साडेतीननंतर झोपू देऊ नका. संध्याकाळी रिक्षात किंवा गाडीत लागलेली वीस मिनिटांची डुलकीसुद्धा रात्रीचा तास खाते. रात्री दिवा घालवण्याची वेळ मुद्दाम साडेदहा करा, म्हणजे ज्या सुमारास त्याला खरोखर झोप लागते त्याच्याशी ती जुळेल. हे आई-वडिलांना पटायला जड जाते, पण पंधरा-वीस मिनिटांत झोप लागण्याची सवय आधी बसू द्यावी लागते. ती बसली की दर दोन-तीन रात्रींनी ही वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणा. सव्वानऊपर्यंत पोहोचायला साधारण दोन आठवडे लागतात आणि हे सरकणे पुढच्या पायऱ्यांबरोबर चालू राहू शकते. एखाद्या वेळेला तो पुन्हा अर्धा तास जागा राहू लागला, तर तिथेच काही रात्री थांबा.

वेळा बदलत असतानाच केसांची जागा घेणारी वस्तू तयार करायची आहे. तुमच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची छोटी गोधडी किंवा नुसता चौकोनी तुकडा उत्तम. त्याला लोंबणारे गोंडे, बटणे किंवा नाड्या नसाव्यात. पहिले काही दिवस तो तुमच्या उशाशी ठेवून तुमच्या वासाचा होऊ द्या आणि गोष्ट सांगताना त्याच्या मांडीवर असू द्या. त्यानंतर एके रात्री केस घट्ट बांधून, हवे तर डोक्याला रुमाल गुंडाळून, त्याच्या मुठीत गोधडीचा कोपरा द्या आणि त्या मुठीवर तुमचा हात ठेवा. तो केस शोधेल, रागावेल. तुम्ही जवळच असता, हात त्याच्या हातावर असतो, फक्त केस मिळत नाहीत. या वयाच्या मुलाला सोसण्यासारखा हा बदल आहे. सर्वसाधारणपणे चौथ्या-पाचव्या रात्री बोटे गोधडीत खेळू लागतात. तिचा जोड तुकडा कपाटात ठेवायला विसरू नका, कारण एक धुवायला गेला की दुसरा लागतोच.

याच आठवड्यात त्याला तुमच्या दोघांच्या मधून काढून एका कडेला झोपवा आणि त्याच कडेला त्याचा पलंग येऊ द्या. इथे सुरक्षिततेची बाब महत्त्वाची आहे. दोन गाद्यांमध्ये किंवा गादी आणि भिंतीमध्ये थोडीशी फट राहिली, तर त्यात मूल अडकू शकते. म्हणून एक तर अजिबात फट ठेवू नका, नाही तर चांगली हातभर जागा सोडा. पलंग उंच असेल, तर मी काही महिने तो बाजूला ठेवून चटईवर टणक कापसाची गादी घालायला सांगतो. पडण्याची भीती राहत नाही आणि तुम्हालाही शेजारी बसता येते. गादी पंख्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात हवी. आजवर तुमच्या मच्छरदाणीत झोपलेल्या मुलाला त्याची वेगळी मच्छरदाणी लागेल.

मूल मध्ये झोपते तेव्हा ते उठले की तुम्हाला कळते. स्वतःच्या गादीवरून ते रात्री निःशब्द उठून चालू लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करणे किंवा दाराला वरची कडी लावणे, बाल्कनी आणि स्वयंपाकघराचे दार बंद करणे, मुख्य दाराला त्याच्या हाताला न लागणारी कडी घालणे, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधणे आणि चढून ओढता येईल असे खणांचे कपाट भिंतीला पक्के करणे ही कामे पहिल्या रात्रीच्या आधी व्हायला हवीत.

आता खरा बदल. केस सुटले, वीस मिनिटांत झोप लागू लागली, की रात्रीची सुरुवात त्याच्या गादीवर करा. झोपण्याआधीचा अर्धा तास रोज त्याच क्रमाने जावा: दूध, दात घासणे, शू, आजीजवळ एक गोष्ट, मग खोलीत येऊन एक पुस्तक, दिवा मंद आणि एक ठरलेले गाणे. दूध नेहमी दात घासण्याआधी, आणि या अर्ध्या तासात टीव्ही किंवा मोबाइल नको. आजीची गोष्ट मी मुद्दाम मध्ये घातली आहे. आजीला या व्यवस्थेत स्वतःचे काम मिळाले नाही, तर रात्री तो हॉलमध्ये जाईल, आजी त्याला कुशीत घेतील आणि तुमची मेहनत तिथेच संपेल. त्यांच्याशी दिवसा शांतपणे बोलून एवढेच ठरवा, की रात्री तो आला तर त्याला प्रेमाने खोलीत परत आणून सोडायचे.

गाणे संपल्यावर तुम्ही त्याच्या गादीच्या कडेला बसा, आडवे होऊ नका. गरोदरपणात तुम्हालाच आधी झोप लागेल, आणि मग रात्री तुम्ही हळूच उठून गेलात की पुन्हा तोच जुना प्रकार होईल. पहिल्या तीन-चार रात्री हात त्याच्या हातावर असू द्या. पुढच्या तीन-चार रात्री शेजारी बसा, पण हात नको. मग हातभर मागे, मग तुमच्या पलंगाच्या कडेवर, शेवटी दाराजवळ. प्रत्येक टप्प्याला तीन-चार रात्री द्या आणि आधीच्या टप्प्यावर झोप सहज लागत असेल तरच पुढे जा. शेवटच्या टप्प्यांना एक युक्ती उपयोगी पडते. तो शांत पडलेला असताना "मी पाणी पिऊन येते" असे सांगून जा आणि त्याने हाक मारण्याच्या आत परत या. आधी अर्धे मिनिट, मग एक, मग तीन. आई गेली तरी सांगितल्याप्रमाणे येते हे त्याला अनुभवाने कळते, आणि बहुतेक मुलांना अशाच एखाद्या फेरीत, तुम्ही बाहेर असताना, पहिल्यांदा एकट्याने झोप लागते.

तो उठून तुमच्या पलंगावर चढेल, हे गृहीत धरा. प्रत्येक वेळी हात धरून परत न्या आणि तेच वाक्य, त्याच आवाजात म्हणा: "झोपायची वेळ झाली, मी इथेच आहे." समजावणे, सौदा करणे, रागावणे यांपैकी काहीही केले, तरी त्याला हवा तो संवाद मिळतो आणि उठणे फायद्याचे ठरते. साधारण तिसऱ्या-चौथ्या रात्री विरोध अचानक वाढतो. जुनी युक्ती चालत नाही म्हटल्यावर मूल ती अधिक जोराने करून पाहते. ही पद्धत फसल्याची खूण नव्हे, पण बरीच घरे नेमकी इथेच माघार घेतात. माझा एक आग्रह आहे. एखाद्या रात्री तुम्ही थकलेल्या असाल आणि त्याला जवळ घेणारच असाल, तर पहिल्या हाकेला घ्या. चाळीस मिनिटे रडल्यानंतर घेतले, तर चाळीस मिनिटे रडणे हाच मार्ग आहे हे आपणच त्याला शिकवतो आणि पुढच्या रात्री तो तितके रडतोच.

हट्टाचे रडणे आणि भीतीचे रडणे यांत फरक करायला हवा. हट्टाच्या रडण्यात मूल मध्ये थांबून तुमच्याकडे पाहते, मागण्या बदलते, पाणी मागते, शू आली म्हणते. भीतीत ते अंगाला चिकटते, थरथरते, श्वास अडकतो आणि तुम्ही जवळ बसूनही पाच-दहा मिनिटांत शांत होत नाही. तसे झाले तर एक टप्पा मागे या, बसण्याऐवजी पुन्हा हात ठेवा, आणि दोन-तीन रात्रींनी पुढे जा. मागे यायचे ते एकच टप्पा. थेट तुमच्या मध्ये आणून झोपवू नका. ताप, जुलाब किंवा कान दुखत असेल, तर सारे थांबवून तुम्ही त्याच्या गादीशेजारी झोपा; जागा त्याचीच राहू द्या.

रात्रीचा दुसरा भाग वेगळा वागतो, हे आधीच माहीत असेल तर निराशा होत नाही. पहाटे तीननंतर झोप हलकी आणि स्वप्नांची असते आणि झोपेची गरजही बरीच भागलेली असते, त्यामुळे रात्री साडेनऊला शहाण्यासारखे झोपणारे मूल पहाटे चारला तुमच्या उशाशी उभे राहते. पहिला महिना एवढेच उद्दिष्ट ठेवा, की झोप त्याच्या गादीवर लागावी आणि मध्यरात्रीपर्यंत जाग आली तर त्याला तिथेच परत नेले जावे. पहाटेसाठी तुमच्या पलंगाच्या त्याच्या बाजूला जमिनीवर एक सतरंजी आणि उशी कायम घालून ठेवा. तो आला तर तिथे झोपू शकतो, पलंगावर मात्र चढायचे नाही. बाळ आल्यावर ही सतरंजी फार उपयोगी ठरते, कारण जवळ येण्याचा मार्ग खुला राहतो आणि बाळ सुरक्षित राहते. पुढे तो स्वतःच गोधडी घेऊन, कोणाला न उठवता तिथे येऊन झोपतो. कित्येक महिने हे चालले तरी मी त्याला अपयश म्हणत नाही.

तुमच्याकडे पाच महिने आहेत, म्हणून या महिन्यातच सुरुवात करा. वरील क्रमाला सहा ते आठ आठवडे लागतात आणि आजारपण किंवा गावी जाणे यांत दोन-तीन आठवडे जातातच. बाळाच्या दोन महिने आधी हे स्थिर झाले, तर बाळाने आपली जागा घेतली असा संबंध तो जोडत नाही. ते साधले नाही आणि शेवटचे चार-सहा आठवडेच उरले, तर नवे काही सुरू करू नका. त्याला बाबांच्या बाजूला कडेला झोपवत राहून बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर पुन्हा हाती घ्या. या काळात रात्रीचा डायपर सोडवणे किंवा नवी बालवाडी सुरू करणे यांपैकी काही टाळता येण्यासारखे असेल, तर टाळा. गावी जाताना गादीची चादर आणि गोधडी बरोबर न्या आणि परत आल्यावर पहिल्याच रात्री नेहमीच्या टप्प्याच्या एक पायरी मागून सुरुवात करा.

काही मुलांची झोप या सगळ्यानंतरही सुधारत नाही, तेव्हा कारण अंथरुणात नसते. बहुतेक रात्री घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे किंवा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणे ही वाढलेल्या टॉन्सिल-ॲडिनॉइडची लक्षणे असू शकतात. सतत पाय झाडणे आणि रात्रभर तळमळणे यामागे लोहाची कमतरता असू शकते, तर रात्री गुदद्वाराशी खाजवत उठणे ही सूतकृमींची नेहमीची खूण आहे. यांपैकी काहीही दिसले, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपल्यानंतर दोन-तीन तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळणारे, तुम्हाला न ओळखणारे आणि सकाळी काही न आठवणारे मूल मात्र भीतीने जागे झालेले नसते, ते गाढ झोपेतच असते. त्याला उठवू नका, फक्त लागणार नाही एवढे पाहा.

शेवटी बाबांविषयी. आतापर्यंतचे वर्णन तुम्हाला उद्देशून केले असले, तरी पहिल्या आठवड्यापासून एक दिवसाआड रात्रीचा पूर्ण क्रम बाबांनीच करावा, त्याच गाण्यासह आणि त्याच वाक्यासह. सुरुवातीला "आईच हवी" असा हट्ट होईल, आणि तेव्हा तुम्ही आत जाऊन सोडवणूक केली, तर पुढच्या वेळी बाबांचे काम दुप्पट होईल. तुम्ही बाळंतपणासाठी रुग्णालयात असाल त्या रात्री त्याला झोपवणारा हात ओळखीचा असायला हवा. बाळ घरी आल्यावर काही आठवडे तो पुन्हा तुमच्या पलंगाशी येऊ लागेल. तेव्हा तुम्ही बाळाला पाजत असाल आणि उठून त्याला सतरंजीवर नेण्याचे काम बाबांकडे असेल. ते काम त्यांच्या हाताने दोन महिने आधीपासून होत असेल, तर ते मध्यरात्री कुजबुजीतही पार पडते.